लग्नातील यजमानांचे स्वागतपर भाषण: खोल्या आणि जेवण यांसाठी कोणाकडे जावे हे पाहुण्यांना कसे सांगावे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईत कार्यालय घेऊन लग्न करणाऱ्या आणि आदल्या दिवशी मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांची सोय पाहावी लागणाऱ्या वधूपक्षाला समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. लग्न वरपक्षाने करून द्यायचे असेल, तर नाती उलट करून वाचावीत. व्यवस्थेत फारसा फरक पडत नाही.

हे भाषण नेमके केव्हा करावे?

आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन झाल्यानंतर आणि पाने मांडली जाण्यापूर्वी करावे. त्या वेळी वरपक्षाचे यथोचित स्वागत झालेले असते, मुक्कामाची बहुतेक मंडळी एका सभागृहात बसलेली असतात आणि पुढच्या तासाभरात प्रत्येकाला जेवायचे कुठे व झोपायचे कुठे हेच दोन प्रश्न पडणार असतात. भाषण सीमांतपूजनाच्या आधी ठेवले, तर वऱ्हाडातील निम्मी माणसे अजून सामान उतरवत असतात किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावर अडकलेली असतात. जेवणानंतर ठेवले, तर तोपर्यंत लोकांनी आपापले मार्ग शोधलेले असतात आणि सांगण्यासारखे काही उरत नाही.

लग्न उघड्या जागेत, म्हणजे जिमखान्याच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात असेल, तर आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत बोलण्यासाठी, त्या नियमांत सूट आहे. तरीही रात्री दहानंतर भाषण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते, हा नियम अधिक कडक आहे.

सीमांतपूजन लग्नाच्याच सकाळी उरकायचे असेल, तर मुक्कामाला आलेल्यांना एकत्र गाठण्याची वेळ म्हणजे आदल्या रात्रीचे जेवण. तेव्हा पहिली पंगत बसल्यावर, वाढप सुरू होण्यापूर्वी, दोन मिनिटे बोलून घ्यावे.

भाषण कोणी करावे? वधूच्या वडिलांनीच करायला हवे का?

स्वागत वडिलांनी किंवा आईने करावे, असे आम्हाला वाटते, कारण पाहुणे त्यांच्या शब्दावर आलेले असतात. मात्र त्यांना गहिवरून येण्याची शक्यता असेल, तर स्वागताची चार वाक्ये त्यांनी बोलावीत आणि खोल्या-जेवणाचा भाग वधूच्या थोरल्या काकांनी किंवा आत्याच्या यजमानांनी सांगावा. दोन जण बोलण्यात कमीपणा काही नाही. सूत्रसंचालनासाठी बाहेरून माणूस आणला असेल, तरी हा भाग त्याच्या हाती देऊ नये. त्याला माणसे ओळखू येत नाहीत, आणि ‘आपले नाना’ म्हणताना बोट कोणाकडे करायचे हे त्याला माहीत नसते.

खोल्या आणि जेवण यांसाठी माणसे कशी निवडावीत?

भाषणाचा सगळा उपयोग या निवडीवर अवलंबून आहे. भाषण कितीही चांगले झाले, तरी ज्याचे नाव घेतले तो माणूस जागेवर सापडला नाही, तर पाहुणे पुन्हा यजमानांकडेच येतात. बहुतेक घरांत चूक अशी होते की सर्वांत तरतरीत माणूस निवडला जातो आणि तो नेमका विधींमध्ये अडकलेला असतो.

वधूचा सख्खा भाऊ हे याचे उत्तम उदाहरण आहे. तो तरुण असतो, धावपळ करू शकतो, त्यामुळे खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या खिशात जातात. परंतु लाजाहोमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला तोच लागतो, कानपिळीला तोच लागतो आणि छायाचित्रकार तर त्याला सकाळपासून शोधतच असतो. वधूच्या मामांचेही तेच. मुहूर्ताच्या वेळी वधूला बोहल्यावर आणण्याचा मान त्यांचा असल्यामुळे महत्त्वाच्या अर्ध्या तासात ते कोणालाही भेटू शकत नाहीत. करवलीचा विचारही करू नये. जो जवळचा आहे, पण ज्याच्याकडे कोणताही विधी नाही, असा माणूस हवा: वडिलांचे चुलतभाऊ, मावशीचे यजमान, शेजारचे काका, किंवा वडिलांचे असे जुने मित्र ज्यांना घरातली माणसे नावानिशी माहीत आहेत.

जेवणाच्या बाबतीत आणखी एक भेद करावा लागतो. केटररशी बोलणारा माणूस आणि पाहुण्यांशी बोलणारा माणूस हे दोन वेगळे असावेत. केटररचे बिल ताटांवर असते, त्यामुळे त्याच्या मॅनेजरबरोबर उभे राहून ताटांची मोजणी करणे, पदार्थ संपत आला की आत सांगणे, कोठीची किल्ली सांभाळणे ही कामे एका माणसाला पुरून उरतात. तो बराच वेळ स्वयंपाकघराच्या बाजूला असतो आणि पाहुण्यांना दिसत नाही. म्हणून भाषणात त्याचे नाव घेऊच नये. ज्या व्यक्तीचे नाव घ्यायचे, ती भोजनगृहाच्या दाराशी खुर्ची टाकून बसणारी असावी. घरातील मावशी किंवा आत्या या कामाला फार योग्य ठरतात, कारण पथ्याचे किंवा उपासाचे बोलणे त्यांच्याजवळ संकोच न बाळगता करता येते.

दोघांनाही एकेक मदतनीस द्यावा. खोल्यांचे काम पाहणारे स्वतः एखाद्या वृद्ध पाहुण्याला वरच्या मजल्यावर सोडायला गेले, की खाली तेवढा वेळ कोणी नसते आणि नेमकी तेव्हाच पुढची गाडी येते.

स्वागतात कोणाचे नाव आधी घ्यावे?

व्याही आणि विहीणबाई यांचे प्रथम, त्यानंतर वरपक्षातील आजी-आजोबा असतील तर त्यांचे, मग दूरगावाहून आलेली मंडळी आणि शेवटी मुंबईतील स्नेही. एवढा क्रम पुरेसा आहे. व्यक्तींची नावे घेत गेल्यास यादी संपत नाही आणि वगळलेल्या एका नावाची आठवण पुढील सर्व कार्यांत निघते. गावांची नावे घेणे त्यामानाने सुरक्षित असते. साताऱ्याहून, नागपूरहून, बेळगावहून आलेले, असे म्हटले की त्या त्या गावच्या सर्वांचे स्वागत होते. मात्र गावांची यादीही कोणाला तरी आधी वाचून दाखवावी.

प्रत्यक्ष एका लग्नाच्या संदर्भात नमुना द्याल का?

समजा, दादर पश्चिमेला एक कार्यालय घेतले आहे. वरपक्ष साताऱ्याचा आहे. मुक्कामाला एकूण ४६ माणसे आहेत. कार्यालयात सात खोल्या असून त्यांतील एक वधूच्या तयारीसाठी राखलेली आहे. वरपक्षाच्या २२ माणसांना चार खोल्या, वधूपक्षातील आठ वयस्कर मंडळींना पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या, आणि उरलेल्या १६ जणांसाठी चालत पाच मिनिटांवरील लॉजमध्ये दोन-दोन जणांच्या आठ खोल्या घेतल्या आहेत. उद्याचा मुहूर्त सकाळी ११ वाजून ७ मिनिटांचा आहे, संकष्टी आहे, आणि संध्याकाळी त्याच कार्यालयात दुसरे कार्य असल्यामुळे दुपारी चारला खोल्या रिकाम्या करायच्या आहेत.

या सगळ्यात एक अडचण अशी आहे जी आदल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही: लॉजची खोली सोडण्याची वेळ दुपारी बारा आहे. मुहूर्तानंतर लगेच पाने पडणार, म्हणजे बारा वाजता ते १६ जण पंगतीत असतील आणि त्यांचे सामान लॉजच्या खोल्यांत असेल. लॉजवाल्याकडून दोन तास वाढवून घेता आले तर उत्तम. नाहीतर सामान सकाळीच कार्यालयात आणून ठेवण्याची सोय करावी लागते आणि ती गोष्ट भाषणात यावी लागते. वधूची तयारी साडेनऊपर्यंत आटोपणार असेल, तर तिचीच खोली त्यानंतर कुलूप लावून सामानासाठी वापरता येते. फक्त तिच्या मैत्रिणींना हे आधी सांगून ठेवावे.

आता भाषण. जागा रिकाम्या न ठेवता, घरात हाक मारतात त्या नावांनीच ते येथे दिले आहे.

«सप्रेम नमस्कार. आदरणीय व्याही आणि विहीणबाई, साताऱ्याहून आलेली सर्व वडीलधारी मंडळी, नागपूर आणि बेळगावहून प्रवास करून आलेले आमचे आप्त, आणि मुंबईतील स्नेही, आपणा सर्वांचे दोन्ही घरांच्या वतीने मनापासून स्वागत करतो. एवढ्या गर्दीतून आणि उकाड्यातून आपण वेळ काढून आलात, याचा आम्हाला फार आनंद आहे.

आपला मुक्काम सुखाचा व्हावा म्हणून दोन माणसांची ओळख करून देतो. राहण्याच्या खोल्या, किल्ल्या, अंथरूण-पांघरूण आणि सामान यांसाठी आमचे चुलतबंधू नाना आहेत. नाना, जरा उभे राहता का? नाना मुख्य दाराजवळच्या टेबलाशी रात्री अकरापर्यंत आणि उद्या सकाळी सहापासून बसतील. जेवण, चहा, नाश्ता आणि पथ्यपाणी यांसाठी माई आहेत. माई भोजनगृहाच्या दाराशी भेटतील. दोघांनी छातीवर पिवळा बिल्ला लावला आहे.

लॉजवर उतरणाऱ्या मंडळींना नानांचे मदतनीस जेवणानंतर सोबत घेऊन जातील. तेथे प्रत्येकाला ओळखपत्र दाखवावे लागेल, ते कृपया जवळ ठेवावे. उद्या सकाळी निघताना सामान बरोबर आणावे. साडेनऊपासून ते येथे कुलुपात ठेवण्याची सोय आहे.

आत्ता आठ वाजता पाने वाढली जातील. उद्या नाश्ता साडेसात ते नऊ. संकष्टीचा उपास असणाऱ्यांसाठी दुपारी स्वतंत्र फराळ आहे. आपली संख्या आज रात्रीच माईंना सांगितल्यास कोणी उपाशी राहणार नाही. आपल्या गाड्यांच्या चालकांचेही जेवण येथेच आहे, त्यांना अवश्य आत पाठवावे.

काही उणे राहिले, तर नि:संकोच सांगावे. आता आपण सर्वांनी जेवायला चलावे, ही विनंती.»

सावकाश वाचले तरी हे दोन मिनिटांच्या आसपास संपते. तीन मिनिटांच्या पुढे भाषण गेले, की मागच्या रांगा आपसांत बोलू लागतात आणि माईंचे नाव त्यांच्या कानावर पडत नाही.

नावे सांगितली तर पुरे नाही का? उभे कशाला करायचे?

कारण सभागृहातील निम्म्या लोकांनी नानांना पूर्वी पाहिलेले नसते. नावाबरोबर चेहरा, आणि चेहऱ्याबरोबर बसण्याची जागा, असे तिन्ही सांगावे. तिन्हींत जागा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नाव विसरले तरी ‘दाराजवळचे टेबल’ लक्षात राहते.

ओळखीची खूण म्हणून फेट्याचा रंग सांगू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी फेटे बांधणारा आला, की दहा मिनिटांत तोच रंग चाळीस डोक्यांवर दिसू लागतो. साधा मोठा बिल्ला चालतो आणि तो साडीवरही लावता येतो.

फोन नंबर भाषणात सांगावा का?

सांगू नये. दहा आकडे ऐकून कोणी लिहून घेत नाही, आणि एखाद्याने लिहिले तरी एक आकडा हमखास चुकतो. नंबर मोठ्या अक्षरांत छापून मुख्य दाराशी, भोजनगृहाशी आणि प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावेत, आणि पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकावेत. भाषणात फक्त एवढे म्हणावे, की नंबर खोलीच्या दारावर लावला आहे. रात्री दोन वाजता एखाद्या आजोबांना औषधासाठी गरम पाणी हवे असते, तेव्हा भाषण नव्हे तर तो कागद उपयोगी पडतो. त्यामुळे त्या कागदावर रात्री जागा असणाऱ्या माणसाचा नंबर असावा. नानांनाही झोप हवी असते.

खोल्या कमी असतील, तर ते भाषणात कसे सांगावे?

सांगूच नये. कोणाला कोणती खोली दिली आहे, कोणाला पलंग आहे आणि कोणाला गादी, हे माइकवरून बोलण्याचे विषय नाहीत. ‘वरपक्षाच्या खोल्या वर आहेत, बाकीच्यांनी हॉलमध्ये सोय करून घ्यावी’ असे वाक्य कितीही सरळ मनाने उच्चारले, तरी ते मानपानाचा प्रश्न होऊन बसते. वाटप आधीच कागदावर झालेले असावे आणि नानांनी एकेका कुटुंबाला बाजूला घेऊन किल्ली द्यावी. गाद्या, चादरी आणि उशा संध्याकाळी चारच्या सुमारासच मोजून घ्याव्यात. कार्यालयाच्या यादीत ५० लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात किती धुवून तयार आहेत हे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि कमी पडत असतील तर भाड्याने मागवायला तेव्हा वेळ हाताशी असतो.

गरम पाण्याची वेळ मात्र भाषणात किंवा खोलीतल्या कागदावर जरूर असावी. एका मजल्याला एक किंवा दोन न्हाणीघरे असतील, तर पहाटे पाचपासून अंघोळी सुरू झाल्याशिवाय सगळी माणसे नाश्त्याला वेळेवर पोहोचत नाहीत.

पथ्य, उपास आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांबद्दल किती तपशील द्यावा?

सोय आहे एवढे सांगावे आणि माईंकडे पाठवावे. पदार्थांची नावे घेण्याचे कारण नाही, कारण साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ असे म्हटले, की ज्यांचा उपास नाही तेही चौकशीला येतात. माईंनी मात्र एक वही जवळ ठेवून रात्रीच आकडा लिहून घ्यावा आणि तो केटररशी बोलणाऱ्या माणसाला द्यावा. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालावा लागतो, त्यामुळे सकाळी दहा वाजता मिळालेला आकडा कोणाच्याही कामाचा नसतो. भाषणात ‘आज रात्रीच’ हे शब्द म्हणूनच हवेत.

जैन शेजारी किंवा कार्यालयातील सहकारी बहुधा लग्नाच्या दिवशीच येतात, त्यांना आदल्या दिवशीचे भाषण ऐकायला मिळत नाही. त्यांच्यासाठी बुफेवर पाटी हवी.

मराठी न येणारे पाहुणे असतील तर?

मुंबईच्या लग्नात ते असतातच. सबंध भाषण दोन भाषांत करण्याची गरज नाही, कारण त्यामुळे दोन्ही गट निम्मा वेळ कंटाळतात. स्वागत मराठीत करावे, आणि नाना व माई उभे असतानाच त्यांच्याविषयीची दोन वाक्ये हिंदीत किंवा इंग्रजीत पुन्हा सांगावीत. माईंना हिंदी बोलताना अवघड वाटत असेल, तर त्यांच्याजवळ घरातली एखादी महाविद्यालयात जाणारी मुलगी बसवावी.

भाषण पोहोचले की नाही, हे कसे ओळखावे?

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील दोन-तीन ज्येष्ठांना सहज विचारावे, ‘खोलीचे पाहायला कोणाकडे जाल?’ त्यांनी नानांकडे बोट दाखवले, तर काम झाले. ‘तुमच्याकडेच की!’ असे उत्तर आले, तर आवाज मागे पोहोचला नाही असे समजावे. बहुतेक वेळा कारण साधे असते: सनईची ध्वनिफीत चालूच राहिलेली असते किंवा पंखे पूर्ण वेगात असतात. भाषणापूर्वी सनई बंद करायला सांगणे हे एखाद्याचे ठरवून दिलेले काम असावे.

दुसरी खूण यजमानांच्या स्वतःच्या वागण्यात असते. पाहुणा खोलीची अडचण घेऊन आला, आणि यजमानांनी ‘थांबा, मी बघतो’ म्हणून स्वतःच किल्ली शोधायला सुरुवात केली, की भाषणातली व्यवस्था तिथेच मोडते. ते पाहणारे पुढचे चार जण थेट यजमानांकडे येतात. अशा वेळी पाहुण्याला सोबत घेऊन नानांच्या टेबलापर्यंत चालत जावे. त्यात आदरही राहतो आणि पुढच्यांना रस्ताही कळतो.

लग्नाच्या दिवशी हे सगळे पुन्हा सांगावे का?

खोल्यांचा भाग सांगू नये, कारण त्या दिवशीच्या बहुसंख्य पाहुण्यांचा मुक्कामाशी संबंध नसतो. जेवणाविषयी एकच वाक्य पुरते, आणि त्याची जागा मंगलाष्टकांच्या आधी आहे. अक्षता वाटून झाल्या, अंतरपाट धरण्याची तयारी सुरू झाली, की गुरुजींच्या परवानगीने माइक घेऊन भोजनगृह कोणत्या मजल्यावर आहे आणि पाने किती वाजता मांडली जातील, एवढे सांगावे. शेवटच्या मंगलाष्टकानंतर वाजंत्री सुरू होते आणि लोक एकाच वेळी उठतात. त्या गोंगाटात केलेली सूचना कोणीही ऐकत नाही, पण जिन्यात मात्र कोंडी होते. ज्येष्ठांनी आणि लहान मुलांसह आलेल्यांनी पहिल्या पंगतीला बसावे, असे त्याच वाक्यात जोडता येते.

खोल्या चार वाजता सोडायच्या असल्याची आठवण माइकवरून देणे बरे दिसत नाही. पाहुण्यांना उठवून लावल्यासारखे वाटते. ते काम नानांनी दुपारी अडीचच्या सुमारास दारोदार जाऊन, ‘सामान खाली न्यायला माणूस पाठवू का?’ असे विचारत करावे, आणि तेव्हाच किल्ल्या परत घ्याव्यात.